आईची दोन स्वयंपाकघरं

गेल्या शुक्रवारी घसा बसला म्हणून मी रजा टाकली आणि दिवसभर दिवाणावर पडून आईकडे बघत राहिले. जवळ मुलीची चित्रकलेची वही होती. तिच्या मागच्या पानांवर मी रेघा मारल्या आणि दर अर्ध्या तासाला आई काय करते ते लिहून काढायला लागले. आईला वाटलं, मी ऑफिसचं काहीतरी करतेय.

ही पद्धत माझी नाही. केंद्र सरकारचं वेळवापर सर्वेक्षण अशीच नोंद घेतं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असे चोवीस तास, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली जास्तीत जास्त तीन कामं. फरक इतकाच की सर्वेक्षक दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, आणि मी समोर बसून बघत होते. हा फरक केवढा मोठा आहे, ते मला रात्री कळलं.

आई चार पन्नासला उठली. बाथरूमचा दिवा लावला नाही, कारण त्याचा उजेड आमच्या खोलीत येतो. पाच ते साडेपाचच्या रकान्यात दूध तापवणं, गवार मोडणं आणि देव. साडेपाच ते सहा कणीक आणि फोडणी. सहा ते सात पोळ्या, नवऱ्याचा डबा, माझ्यासाठी मऊ भात. सात वाजता नात उठली आणि मग रकान्यांचा खेळच झाला. सुट्टी असल्यामुळे बालवाडी बंद, त्यामुळे अर्ध्या तासात सात-आठ गोष्टी व्हायला लागल्या, आणि त्यातली एकही दहा मिनिटं टिकेना. केस विंचरताना कामवालीला सूचना. सूचना देता देता गॅस सिलिंडरचा नंबर लावणं. चहा तीनदा गरम केला आणि साडेनऊला प्यायली, उभ्यानंच.

दहा वाजता तिनं सोलापूरला बाबांना फोन लावला. बाबा तिकडे एकटे असतात. "अहो, दूध तापवलंत का? गॅस बंद केलात का, बघून या आधी. मी थांबते." फोन सात मिनिटांचा, म्हणजे नियमानं तो नोंदीत बसत नाही. पण त्या सात मिनिटांत बाबांची सकाळची गोळी झाली, शेजारच्यांकडून किल्ली परत आली, पाणी कधी येणार त्याची चौकशी झाली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. कुठल्या दिवशी टाकी भरायची, हे आई पुण्यात बसून लक्षात ठेवते.

दुपारी दीड ते तीन ती नातीजवळ आडवी झाली. पोरीला खोकला होता. आईचा हात तिच्या पाठीवर, डोळे उघडे. मी वहीत लिहिलं, "सांभाळणं, दीड तास."

रात्री जेवणं झाल्यावर मी सर्वेक्षकासारखं विचारलं, "आई, आज दिवसभर काय काय केलंस?"

"काय करणार की? रोजचंच."

"तरी सांग."

तिनं आठवून आठवून अकरा गोष्टी सांगितल्या. वहीत चोपन्न होत्या. दीड ते तीनबद्दल म्हणाली, "काही नाही गं, जरा पडले होते." म्हणजे प्रत्यक्ष सर्वेक्षक आला असता, तर तो दीड तास झोप आणि विश्रांतीच्या खात्यात गेला असता. दहा वाजताचा फोन कुठेच गेला नसता.

२०२४ च्या सर्वेक्षणात घरकामात भाग घेणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८ मिनिटं आली आहेत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. हे वाचून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वहीनंतर वाटतं, २८९ हा आकडा कमीच असणार. तो आपल्याच कामाला काम न म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडून आलेला आहे. आणि ८८ ही सगळ्या पुरुषांची सरासरी नव्हे. जे काहीतरी करतात, तेवढ्यांचीच ती आहे.

इथे माझ्या नोकरीचं सांगायला हवं. पुण्यात एका वकिलांच्या कार्यालयात मी मोटार अपघात दाव्यांचे कागद तयार करते. अपघातात गृहिणी गेली, तर तिच्या मागे राहिलेल्यांना किती भरपाई मागायची, हा हिशोब माझ्या टेबलावर होतो. ज्या बाईच्या कामाला जिवंतपणी एक रुपयाही लागला नाही, तिच्या कामाची किंमत आम्ही मरणोत्तर काढतो. गेली नऊ वर्षं मी हे करतेय, आणि त्यातली चार वर्षं माझी मुलगी आईच्या मांडीवर आहे.

कायद्याची याबाबतची चाल बघण्यासारखी आहे. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात कमाई नसलेल्या माणसाचं मानीव, म्हणजे गृहीत धरलेलं, उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये ठरवलं होतं, आणि न कमावणाऱ्या बायकोचं नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे तेवढ्याच पोळ्या लाटणाऱ्या दोघींपैकी साहेबाची बायको महाग आणि शिपायाची स्वस्त. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका कार्यक्रमात आग लागून बायका-मुलं दगावली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये घर सांभाळणाऱ्या बाईच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० च्या एका निकालात न्यायालयानं जनगणनेलाच फटकारलं, कारण २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैद्यांच्या जोडीनं 'काम न करणारे' या गटात टाकल्या होत्या. आणि २०२१ मध्ये न्यायालयानं वेळवापर सर्वेक्षणातली ती २९९ आणि ९७ मिनिटं निकालपत्रात उतरवून सांगितलं की गृहिणीचं मानीव उत्पन्न ठरवताना पुढच्या काळात होणारी वाढही धरायला हवी. न्यायालयानं या बाबतीत समाजापेक्षा बरं काम केलंय, असं माझं मत आहे.

तर त्या शुक्रवारी रात्री, ताप थोडा होता म्हणा किंवा सवय म्हणा, मी आईचा हिशोब मांडला. असं करू नये हे मला माहीत आहे. आईचं वय बासष्ट. मानीव उत्पन्न महिना १२,००० धरलं. वर्षाचे १,४४,०००. साठीच्या पुढे भविष्यातल्या वाढीचा टक्का मिळत नाही, त्यामुळे ती भर नाही. मग वजावट. गेलेली व्यक्ती स्वतःवर जो खर्च करत होती, तो वजा करायचा असतो. मागे दोन-तीन अवलंबून असतील, तर एक तृतीयांश. उरले ९६,०००. आता वयानुसार गुणक. एकसष्ट ते पासष्टला सात. म्हणजे ६,७२,०००. हीच बाई साठ वर्षांची असती, तर दहा टक्के वाढ मिळून आणि नऊच्या गुणकानं ९,५०,४०० झाले असते. एका वाढदिवसानं आई २,७८,४०० रुपयांनी उतरली. आणि एकसष्टाव्या वर्षी तर तिच्यामागे दोन घरांचं काम होतं.

पण मी अडले ती या आकड्यांपाशी नाही. मी अडले त्या एक तृतीयांशापाशी. कायदा धरून चालतो की माणूस आपल्या कमाईतला तिसरा हिस्सा स्वतःवर खर्च करतो. कमावत्या माणसाबाबत ते योग्यच आहे. मी आईचा तिसरा हिस्सा शोधायला लागले. कालच्या भाजीशी पोळी. माझे जुने पंजाबी ड्रेस, बाह्या उसवून सैल केलेले. चपला दोन वर्षांतून एकदा. महिन्याला अडीचशेचा रिचार्ज, आणि त्यावर बोलायचं ते बाबांच्या गोळ्यांचं. पैशाचं एक सोडा, वेळेतही तिसरा हिस्सा निघेना. वहीत पूर्णपणे तिचा असा एकच रकाना होता, देवाचा. तोही दूध आणि गवारीबरोबर वाटून घेतलेला.

आता दोन घरांबद्दल. माझी मुलगी झाली तेव्हा आई सव्वा महिना म्हणून आली होती. मग माझी रजा संपेपर्यंत. मग पोरगी चालायला लागेपर्यंत. या चार वर्षांत ती इथे राहायला आली असं कुणी कधी ठरवलंच नाही. बाबा सोलापूर सोडत नाहीत, घर बंद ठेवता येत नाही म्हणतात. मग आई दर पंधरा दिवसांनी शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला जाते. रविवारी तिथे दिवसभर कडक भाकरी करते. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून घ्यायची आणि मंद आचेवर ओलावा पार जाईपर्यंत कडक करायची. किंचित जरी दमट राहिली, तर चार दिवसांत बुरशी येते. नीट झाली की महिनाभर टिकते. बाहेरच्यांना ती सोलापूरची खासियत म्हणून भेट द्यायची वस्तू वाटते. आमच्या घरात ती आईच्या गैरहजेरीची सोय आहे. बाबा ती कुस्करून डाळीत किंवा दुधात भिजवून खातात. तीस भाकरी, शेंगाचटणीचा डबा, निवडलेली डाळ. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती परत येते आणि मी तिच्या हातात मुलगी देऊन ऑफिसला पळते.

सरकारी पाहणीत कुटुंबाची व्याख्या अशी असते की एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आईची स्वयंपाकघरं दोन आहेत. ती नक्की कुठल्या घरात मोजली जाईल, मला ठाऊक नाही.

मातृदिनाला माझा भाऊ बंगळूरहून आईचा फोटो टाकतो, खाली लिहितो, "त्यागमूर्ती." मीही पूर्वी टाकायचे. या शब्दावर माझा राग आहे, कारण तो हिशोब बंद करतो. त्याग म्हटलं की तो करणाऱ्याचा मोठेपणा होतो, घेणारा कुणी उरतच नाही. इथे घेणारी मी आहे. माझ्या भागातल्या बऱ्या पाळणाघरानं महिना साडेअकरा हजार सांगितले होते, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मुलीला ताप असेल तर आणायची नाही, ही अट. माझा पगार अडतीस हजार. ते साडेअकरा हजार मी चार वर्षं वाचवले, आणि तापाच्या प्रत्येक दिवशी कामावर जाऊ शकले, ते आईमुळे. माझ्या साहेबांना वाटतं मी जबाबदार आहे, कधी खाडा करत नाही. त्या हजेरीपटावर माझ्या नावाखाली तिची सही असायला हवी.

माझ्या बरोबरीच्या बायकांना विचारलं तर बहुतेकींची हीच गोष्ट. बार्शीहून आलेली आई, कराडहून आलेली सासू. शहरातल्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी बाबागाड्या ढकलणाऱ्या साठीच्या बायका बघा. आपण स्त्रियांनी घराबाहेर पडावं म्हणून कायदे केले, पण सोडून आलेलं काम कुणी करायचं हा प्रश्न सोडवला नाही. ते काम फक्त एक पिढी मागे सरकवलं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, ही चांगलीच गोष्ट. त्याच दुरुस्तीनं पाळणाघराची तरतूदही आणली, आईला दिवसातून चारदा मुलाला बघून येता येईल अशी. पण ती पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. आमच्या कार्यालयात अकरा माणसं. आजूबाजूला कर सल्लागार, दंतवैद्य, झेरॉक्सवाले, छोटी दुकानं, कुठेही पन्नास माणसं नाहीत. सव्वीस आठवडे संपल्यावर सत्ताविसाव्या आठवड्यात काय करायचं, याचं कायद्याकडचं उत्तर आमच्यासारख्यांना लागू होत नाही. तिथे आई लागू होते.

म्हणून घरकामाला पगार द्यावा का, या वादात मला फारसा रस नाही. द्यायचा कुणी आणि कुठून, यावर चर्चा अडते आणि सगळे आपापल्या घरी जेवायला जातात. आईला विचारलं तर तिला पगार नकोच आहे, ती हसेल. मला हवंय ते साधं आहे. पन्नास माणसांची अट एकेका ऑफिसला न लावता, एका इमारतीतल्या किंवा पेठेतल्या वीस छोट्या आस्थापनांनी मिळून पाळणाघर चालवावं, महापालिकेनं जागा द्यावी, आणि ताप आलेल्या मुलाचं काय, याचा विचार पहिल्याच दिवशी करावा. कारण पाळणाघराची परीक्षा मूल बरं असतानाच्या दिवशी होत नाही.

कुणी म्हणेल, तुझ्या आईला नातीचा लळा आहे, तिला हे आवडतं. आवडतंच. दुपारी त्या दोघी खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्यांचे रंग मोजतात, तेव्हा आईचा चेहरा मी माझ्या लहानपणी पाहिलेला नाही. तेव्हा तिला बसायला वेळच नव्हता. पण आवडतं म्हणून ते काम राहत नाही, असं दुसऱ्या कुठल्या कामाबाबत आपण म्हणतो? मलाही माझं काम आवडतं. साहेबांनी म्हणून पगार थांबवलेला नाही.

आपल्याकडे मातृदिन खरं तर श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला असतो. आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" आणि मागे उभं असलेलं मूल म्हणतं, "मी आहे." मला हा विधी फार आवडायचा. नंतर लक्षात आलं, या मातृदिनाची खीर-पुरीही आईच करते.

वहीतलं नवऱ्याला दाखवलं. तो भला माणूस आहे. शनिवारपासून सकाळचा स्वयंपाक माझा, म्हणाला. शनिवारी साडेपाचला तो उठला आणि सहापर्यंत आईला चारदा उठवलं. कणीक किती? गवारीला गूळ घालायचा? तिखट कुठल्या डब्यात? आज डब्याला काय करू? पोळ्या त्यानं केल्या, बऱ्याही झाल्या. आई आडवी पडून पोळ्या ऐकत होती, तवा जास्त तापला तर वासावरून सांगत होती. तेव्हा कळलं की करणं वाटून घेता येतं, पण आज काय करायचं हे ठरवणं आणि संपत आलेलं लक्षात ठेवणं, हे वाटून घ्यायला महिने जातात. ते वहीतल्या चोपन्नात पण नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, जी मला दोन वर्षं दिसली नाही. तांदळात मध्ये मध्ये खडे यायला लागले होते. आई सुईत दोरा ओवायला नातीला देते, पोरीला त्याचं कौतुक. रस्त्यावर उभी असली की ती मला विचारते, "ही कुठली बस गं?" शनिवारी दुपारी मी तिच्या पिशवीत बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते, तेव्हा नेत्रतज्ज्ञांचा एक जुना कागद सापडला. दोन वर्षांपूर्वीचा, सोलापूरचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

"हे काय आहे?"

"असंच दाखवलं होतं. उन्हाळ्यात करू नये म्हणतात."

"दोन उन्हाळ्यांमध्ये दोन हिवाळेही आले, आई."

"महिनाभर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही. पोरीला कोण उचलणार? आणि तुझ्या बाबांच्या भाकरी?"

सर्वेक्षणात माणसानं केलेल्या कामांना रकाने असतात. न केलेल्या गोष्टींना, पुढे ढकललेल्या डोळ्याला, कुठेच रकाना नाही. मी चोपन्न कामं मोजून स्वतःवर खूश होते, आणि जे मोजायला हवं होतं ते पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं होतं.

सोमवारी मी तिला पुण्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ऋतूचा आता काही संबंध नाही, टाके नसतात, त्याच दिवशी घरी जाता येतं, पण मोतीबिंदू फार पिकू देऊ नका, मग काढायला अवघड होतो. पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. पहिला आठवडा माझी रजा, दुसरा नवऱ्याची, तिसऱ्यात भाऊ बंगळूरहून येतोय. फोटो टाकू नकोस, ये, असं मी त्याला कळवलं होतं. बाबा म्हणाले, मी पुण्याला येतो. आई म्हणाली, "तुम्ही कशाला, घर बंद राहील," आणि पहिल्यांदाच बाबांनी ते ऐकलं नाही.

तरी परवा ती हुतात्मानं सोलापूरला गेली. काल रात्री फोन आला. मागे तव्याचा आवाज.

"साठ झाल्यात," म्हणाली. "तीस बाबांबरोबर तिकडे पाठवते. तुम्हाला होतील."